हीट लोडचा हिशोब मांडून एसी निवडला: मार्च ते ऑगस्टच्या वापरानंतरचा अनुभव

एसीच्या दुकानात खोलीचे चौरस फूट सांगितले की लगेच टन सांगितला जातो. साधारण शंभर-सव्वाशे चौरस फुटाला एक टन, आणि वरचा मजला किंवा पश्चिमेची खिडकी असेल तर "अर्धा टन वाढवून घ्या". या ठोकताळ्यात काच किती, स्लॅबवर ऊन किती तास पडतं आणि खोलीत माणसं किती, याला जागाच नाही. म्हणून नागपुरातल्या एका वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी साधी हीट लोड शीट, म्हणजे खोलीत कुठून किती उष्णता येते याचा तक्ता, मांडून एसी घेतला आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत आकडे ताडून पाहिले.

खोली 4 मीटर बाय साडेतीन, उंची 3 मीटर, म्हणजे साधारण दीडशे चौरस फूट. पश्चिमेला 2.7 चौरस मीटरची साध्या काचेची स्लायडिंग खिडकी. पश्चिम आणि दक्षिण भिंती बाहेरच्या, 9 इंची विटांच्या. वर 6 इंची आरसीसी स्लॅब आणि त्यावर थेट ऊन. हिशोब मेच्या संध्याकाळी पाचचा धरला, बाहेर 43 अंश आणि आत 26. सूत्र एकच:

```
Q = U × A × ΔT
```

यात Q म्हणजे आत येणारी उष्णता वॅटमध्ये, A म्हणजे चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ, ΔT म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक, आणि U म्हणजे त्या भिंतीतून, काचेतून किंवा छतातून दर चौरस मीटरला, दर अंशाला किती वॅट उष्णता आत येते तो आकडा. एकेरी काचेचा साधारण 5.7, प्लास्टर केलेल्या 9 इंची भिंतीचा 2.1, उघड्या स्लॅबचा 3.

काचेचा हिशोब दोनदा करावा लागतो, आणि बहुतेक लोक इथेच अडतात. बाहेरच्या गरम हवेमुळे काचेतून येणारी उष्णता 2.7 × 5.7 × 17, म्हणजे 260 वॅट. पण त्याच काचेतून ऊन थेट आत शिरतं ते वेगळं. पाच वाजता पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला 600 वॅटच्या आसपास ऊन पडतं आणि साधी काच त्यातलं 82 टक्के आत सोडते. झाले 1330 वॅट. आतून फिकट पडदा लावला तर 860 वर येतं, त्याहून फार कमी होत नाही, कारण तापलेला पडदा खोलीतच असतो. तेच ऊन बाहेरून चटईने किंवा खसताटीने अडवलं तर 330 पर्यंत उतरतं.

स्लॅबला साधा 17 अंशांचा फरक लावून चालत नाही. दिवसभर तापलेल्या गच्चीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी गरम असतो आणि ती उष्णता काही तासांनी खाली पोहोचते. म्हणून इथे 26 अंशांचा समतुल्य फरक धरला: 14 × 3 × 26, म्हणजे 1100 वॅट. पडदा लावलेला धरला तर या खोलीतला हा सर्वांत मोठा आकडा.

हा आकडा खरा आहे का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने घरीच पाहता येतं. चुना किंवा डिस्टेंपर मारलेल्या छताचं आतलं तापमान घ्या, त्यातून खोलीचं वजा करा आणि 6 ने गुणा. चौरस मीटरला किती वॅट खाली येतात ते कळतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास छत 39 आणि खोली 26 दिसली, म्हणजे 13 गुणिले 6, साधारण 78 वॅट. शीटमध्ये 3 × 26 म्हणजे तेवढेच आले होते. रात्री साडेदहाला छत अजून 36 होतं. म्हणूनच बेडरूमचा हिशोब फक्त दुपारी करून भागत नाही. रात्री काचेतून येणाऱ्या उन्हाचा भार शून्य होतो, पण स्लॅबचा 840 वॅट शिल्लक असतो आणि विटांची पश्चिम भिंत तेव्हाच आत उष्णता सोडत असते.

बाकीच्या ओळी पटकन होतात. बाहेरच्या दोन भिंती मिळून 630 वॅट. आतल्या दोन भिंती आणि खालची फरशी मिळून 670, कारण शेजारची खोली आणि खालचा फ्लॅट 34 अंशांवर होता. ही ओळ जवळजवळ सगळेच विसरतात. बसलेल्या तीन माणसांचे 345, त्यात घाम आणि श्वासाची बाष्पाची उष्णताही आली. टीव्ही, पंखा, ट्यूब, लॅपटॉप मिळून 240. फटींमधून तासाला एकदा खोलीची हवा बदलते असं धरून आणखी 236.

उपकरणांच्या ओळीत एक काळजी घ्या. लेबलवरचे वॅट जसेच्या तसे मांडू नका. दिवसाला एक युनिट खाणारा फ्रिज खोलीत सरासरी 42 वॅटच सोडतो, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

काचेतल्या उन्हाचे पडद्यासह 860 धरून एकूण 4340 वॅट. एक टन म्हणजे 3517 वॅट, म्हणून हे 1.23 टन झाले. इथे थेट दीड टन लिहून मोकळं होऊ नये. एसीची क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. 43 ला साधारण 10 टक्के कमी धरावी. स्टार लेबलवर 100 टक्के क्षमता वॅटमध्ये छापलेली असते, ती पाहा. 5000 वॅटचा दीड टन तिथे 4500 देतो, म्हणजे या खोलीला पुरतो, पण फार शिल्लक राहत नाही. दोन टनाची गरज नाही. मात्र प्रत्येक ओळीत वेगळी सुरक्षा मार्जिन घातली तर शीट दोन टनाकडेच नेते. मार्जिन घालायचंच असेल तर शेवटी एकदाच, आणि तेही 5-10 टक्के.

वापरात दीड टनाचा इन्व्हर्टर मेमध्ये चार ते सहा या वेळेत पूर्ण जोरावर चालला आणि खोली 26 वर टिकली. दुपारी पूर्ण जोरावर असूनही तापमान चढत गेलं तर भार शीटपेक्षा जास्त आहे असं समजावं. आधी छत मोजावं, मग दारांखालच्या फटी पाहाव्यात आणि त्यानंतरच मशीनवर शंका घ्यावी.

एसी घेण्याआधीच खर्च करायचा असेल तर स्लॅबवर करा, असं आम्ही ठामपणे सांगू. गच्चीवर 50 मिलीमीटरची एक्सपीएस नावाच्या उष्णतारोधक फोमची शीट आणि तिच्यावर फरशी टाकली की U 3 वरून 0.5 वर येतो आणि 1100 चे 180 वॅट होतात. त्यात बाहेरची चटई मिळवली की एकूण भार 2890 वॅटवर उतरतो, आणि मग 3500 वॅटचा एक टनही 43 अंशांना पुरतो, कारण तिथे त्याचे साधारण 3150 मिळतात. शीट स्लॅबच्या वर हवी. आतून थर्माकोलची फॉल्स सीलिंग केली तर उष्णता कमी येते खरी, पण स्लॅब स्वतः तापतच राहतो.

पावसाळ्यासाठी मात्र वेगळी ओळ लागते. मेमध्ये नागपूरची हवा कोरडी असते, फटींमधून बाष्प जवळजवळ येत नाही. ऑगस्टमध्ये तीच तासाला एकदा बदलणारी हवा सुमारे 280 वॅटची बाष्पाची उष्णता आणते, तर ढगांमुळे काच आणि स्लॅबचा भार फार कमी होतो. गरजेपेक्षा मोठा, एकाच वेगाचा एसी काही मिनिटांतच 26 गाठून बंद पडतो. पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. खोली थंड पण चिकट लागते. साध्या हायग्रोमीटरवर 65 टक्क्यांच्या वर आकडा राहत असेल तर हेच घडतंय. आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर कमी वेगावर सलग चालत असल्यामुळे ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ 60 च्या आत राहिली, मात्र हॉलचा दरवाजा बंद ठेवला तरच. दरवाजा उघडा राहिला की तासाला एकदा हवा बदलते हे गृहीतकच कोसळतं, आणि तेव्हा हॉलचंही क्षेत्रफळ, काच आणि माणसं शीटमध्ये मांडावी लागतात.