भांगातली पांढरी रेघ: काळा डाय, डेमी कलर, मेहंदी की बारीक हायलाइट्स?

काळ्या डायचा त्रास केस रंगवले त्या दिवशी कळत नाही, अठराव्या-विसाव्या दिवशी कळतो. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात भांगात पाऊण सेंटिमीटरची पांढरी पट्टी येते आणि तिच्या लगेच खाली गडद काळा सुरू होतो. खटकते ती ही सरळ रेघ. डोक्यात तेवढेच पांढरे केस विखुरलेले असते तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. म्हणून पन्नाशीत रंग निवडताना पांढरं किती झाकलं जाईल यापेक्षा महिन्याभरानं रेघ किती दिसेल, हे आधी विचारावं.

बाजारातला नेहमीचा पर्मनंट रंग सहसा ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या, म्हणजे २० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरबरोबर येतो. तो पांढरा केस पूर्ण झाकतो, पण त्याच वेळी शेजारच्या नैसर्गिक काळ्या केसाचा रंगही थोडा उडवतो. काळ्या केसातलं गडद रंगद्रव्य कमी झालं की खालची लालसर झाक वर येते. इंदूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तपकिरी डाय तांबडा दिसतो तो यामुळेच.

डेमी-पर्मनंट, ज्यावर काही कंपन्या ‘टोन-ऑन-टोन’ असंही लिहितात, त्याचा डेव्हलपर १.५ ते ४ टक्के इतका सौम्य असतो. तो काळा केस उजळवत नाही, पांढऱ्या केसावर मात्र पारदर्शक थर चढवतो. कानशिलाजवळची एक बट हातात धरून पाहा. तिच्यातले काळे केस होते तसेच राहतात आणि पांढरे केस हलके तपकिरी होतात, तेही सगळे सारखे नाहीत. जाड, राठ केस कमी रंग घेतात, मऊ केस जास्त. हा असमानपणाच आपल्याला हवा असतो. वीस-चोवीस धुण्यांत रंग हळूहळू फिका होतो, त्यामुळे नवी वाढ आणि जुना रंग यांच्यात कडक सीमा उरत नाही.

छटा निवडताना बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. डब्यावरचा १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ५ फिका तपकिरी. आपले केस बहुधा १ ते ३ मध्ये असतात, म्हणून हात आपोआप २ किंवा ३ कडे जातो. पार्लरमध्येही “काकू, नॅचरल ब्लॅकच करू ना?” असंच विचारतात. पण डेमीमध्ये २ लावला की पुन्हा काळी टोपी आणि पुन्हा रेघ. आपल्या रंगापेक्षा दोन पायऱ्या फिका, म्हणजे ४ किंवा ५ घ्यावा. काळ्या केसांवर तो दिसणारच नाही, फक्त पांढऱ्यांवर दिसेल. टिंबानंतरचा आकडा शक्यतो ० असावा. नुसती राखी छटा (.१) पांढऱ्या केसावर मळकट, कधी हिरवट दिसते, कारण तिला तोलायला त्या केसात उबदार रंगच नसतो. सोनेरी (.३) फिकी होताना पिवळट पडते.

मेहंदीचं गणित वेगळं आहे. पांढरे केस थोडे आणि डोकंभर विखुरलेले असतील तर त्यांच्यावर चढलेला तांबूस रंग फार छान मिसळतो. पण पांढरेपणा कानशिलांवर एकवटलेला असेल तर तिथे सरळ नारिंगी पट्टा उठतो. त्यावर निळीच्या पानांची पूड चढवली की तो पट्टा गडद होतो, मात्र मग ते झाकणंच झालं. मेहंदी केसातून निघत नाही, थरावर थर साचत जातात. काळी मेहंदी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये अनेकदा पीपीडी हे रसायन असतं, आणि अ‍ॅलर्जी येते ती बहुधा त्याचीच. ‘अमोनिया नाही’ लिहिलेल्या डब्यातही पीपीडी किंवा त्याचं भावंड असू शकतं. म्हणून कोणताही रंग लावण्याआधी ४८ तास कानामागे चाचणी करावीच. आधी कधी डाय किंवा काळी मेहंदी लावून खाज-सूज आली असेल तर डेमीच्याही वाटेला जाऊ नये.

बारीक हायलाइट्समध्ये पांढऱ्या केसांच्या आसपासच्या काळ्या केसांच्या सुईसारख्या बटा फॉइलमध्ये उजळवतात, म्हणजे पांढरे केस त्यांच्या गर्दीत हरवतात. चांगल्या हाताचं काम असेल तर तीन-चार महिने भांगाकडे बघावं लागत नाही. पण आपला काळा केस लाल, मग नारिंगी होत उजळतो. त्यावर ती झाक दाबणारा टोनर लागतो, आणि तो सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मारावा लागतो. केस कोरडे होतात ते वेगळंच. वर्षानुवर्षं काळा डाय लावलेल्या केसांत ब्लीच ठिपक्याठिपक्यांनी चढतो, आणि धातूचे क्षार असलेली मेहंदी आधी लावली असेल तर केस तापून तुटूसुद्धा शकतात. मागच्या दीड-दोन वर्षांत काय काय लावलं ते पार्लरमध्ये खरं सांगावं आणि आधी एका लपलेल्या बटेवर करून बघायला लावावं.

आता एक प्रसंग धरून चालू. इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एक्कावन्न वर्षांच्या बाई, खांद्यापर्यंत ३५ सेंटिमीटर केस. चाळीसेक टक्के पांढरे, तेही कानशिलांवर आणि भांगात. सहा वर्षं दर तीन आठवड्यांनी काळा डाय. यांना आमचा सल्ला डेमीचा. हायलाइट्स आज नकोत, कारण लांबीवर जुना काळा साचलेला आहे.

आठ आठवडे डाय बंद ठेवायचा, म्हणजे दोनेक सेंटिमीटर नवी वाढ मिळते. आदल्या दिवशी तेल न लावता क्लॅरिफाइंग शांपूनं केस धुवायचे. घरी नर्मदेऐवजी बोरिंगचं पाणी येत असेल तर हे चुकवू नये, जड पाण्याचा थर राहिला की रंग सारखा बसत नाही. ५.० छटेची ३० ग्रॅम क्रीम, तिच्यात डब्यावर सांगितल्याप्रमाणे दीडपट किंवा दुप्पट डेव्हलपर. सुरुवात कानशिलांपासून, कारण तिथले केस राठ असतात, आणि भांग शेवटी. वीस मिनिटांनी एक बट टिश्यूनं पुसून बघायची. पांढरे केस फिके तपकिरी झाले असतील तर धुवून टाकायचं. “अजून दहा मिनिटं राहू दे” म्हटलं की थर दाट होतो आणि झाकल्यासारखं दिसायला लागतं. जुन्या डब्यातला उरलेला २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर इथे वापरला तर मुळं लाल होतात, ही चूक फार जणी करतात. दर वेळी रंग टोकापर्यंत विंचरून न्यायचा नाही. टोकं सच्छिद्र असतात, ती रंग पितात आणि गडद होत जातात. पुढचा हात सहा ते आठ आठवड्यांनी, फक्त मुळांना.

लांबीवरचा काळा डेमीनं फिका होणार नाही, रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत. तो कापूनच जाणार. ३५ सेंटिमीटर पूर्ण बदलायला जवळजवळ अडीच वर्षं लागतील. केस हनुवटीपर्यंत, वीसेक सेंटिमीटर ठेवले तर दीड वर्षात काम होईल. मधल्या काळात भांग सरळ न पाडता कंगव्याच्या टोकानं नागमोडी पाडावा. नव्या तपकिरीची आणि जुन्या काळ्याची हद्द मग एका ओळीत येत नाही. पहिल्या चार-पाच महिन्यांत, जेव्हा ती हद्द कपाळाच्या अगदी जवळ असते, याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.