बारा शीट, एकच मथळा: फॉर्मॅट पेंटर की सेल स्टाइल?

एक्सेलमध्ये एप्रिल ते मार्च अशा बारा शीटचे मथळे सारखे करायला फॉर्मॅट पेंटर झटपट. ब्रशवर डबल-क्लिक केलं की Esc दाबेपर्यंत तो चालू राहतो, शीट बदलली तरी. पण उद्या साहेबांना निळ्याऐवजी हिरवा रंग हवा झाला, तर बारा शीट पुन्हा रंगवा.

Cell Styles मध्ये स्वतःची स्टाइल बनवली, तर Modify मधून एकदाच रंग बदला. सगळे मथळे बदलतात. एखादा निळाच राहिला, तर तिथे कुणीतरी हाताने रंग भरलाय. स्टाइल पुन्हा लावा. मात्र ती त्याच फाइलपुरती. दुसऱ्या फाइलमध्ये Merge Styles ने आणावी लागते.

मी स्टाइलच निवडेन. आणि गंमत म्हणजे, स्टाइलवाला मथळा ब्रशने उचलला, तर स्टाइलही सोबत जाते.