ठेवीचे शेअर करून घेतले आणि रांगेत तीन पायऱ्या खाली ढकललं

कुपवाड एमआयडीसीतली एक कास्टिंगची खासगी कंपनी बुडाली आणि माझ्या मामांचे दहा लाख गेले. कंपनी बुडणं नवीन नाही. फसवणूक झाली ती बुडायच्या वर्षभर आधी, एका संमतिपत्रावरच्या सहीवर. तशीच पत्रं आता इतर ठिकाणीही फिरताना कानावर येतात, म्हणून सविस्तर लिहितो. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. मामांचे कागद घेऊन वकील आणि बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून पैसे वाटणारे लिक्विडेटर यांच्याकडे मीच जात होतो. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

२०१८ मध्ये मामा निवृत्त झाले. कंपनीच्या मालकांशी जुनी ओळख होती. खासगी कंपनीला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत, स्वतःच्या भागधारकांकडून काही मर्यादेत घेता येतात. म्हणून आधी मामांच्या नावावर दहा रुपयांचे दहा शेअर केले, त्यांना 'सभासद' करून घेतलं आणि मग दहा लाखांची तीन वर्षांची ठेव घेतली. व्याज बँकेपेक्षा बरं होतं आणि तिमाहीला वेळेवर जमा व्हायचं. इथवर कुणाची तक्रार नव्हती.

२०२१ मध्ये मुदत संपत आली, तसे कंपनीचे हिशेब बघणारे साहेब घरोघर फिरू लागले. "अण्णा, बँक लिमिट वाढवून द्यायला तयार आहे, पण ताळेबंदात कर्ज जास्त दिसतंय म्हणते. तुमच्या ठेवीचे आपण प्रेफरन्स शेअर करू. व्याजाच्या जागी बारा टक्के लाभांश, तीन वर्षांनी रक्कम परत. आणि प्रेफरन्स आहे, म्हणजे उद्या काही झालंच तर पहिला हक्क तुमचा." सोबत टाइप केलेलं संमतिपत्र होतं. त्यावर सही करायची आणि ठेवीची मूळ पावती परत द्यायची. मामांनी सही केली, तशी आणखी चाळीसेक जणांनी केली. सगळे मिळून दोन कोटी रुपये ठेवीतून निघून भांडवलात गेले. शेजारचे निवृत्त गुरुजी तेवढे अडून बसले. त्यांना कायदा ठाऊक होता असं नाही. "माझी पावती माझ्याजवळच राहू दे," एवढंच म्हणाले. त्यांचे पाच लाख ठेव म्हणूनच राहिले.

पुढच्याच वर्षी बँकेचे हप्ते थकले. बँकेने दिवाळखोरी संहितेखाली मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, अर्ज केला. तो दाखल झाला, कंपनी चालवायला घेणारा कुणी भेटला नाही आणि शेवटी लिक्विडेशनचा आदेश झाला. भाडेपट्ट्याची जागा, भट्टी, मशिनं, भंगार असं सगळं विकून साधारण दहा कोटी आले.

या दहा कोटींचं पुढे काय होतं ते २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतल्या कलम ५३ मध्ये ठरलेलं आहे. वरच्या पायरीवरच्यांचं पूर्ण भागल्याशिवाय खालच्या पायरीला दमडी मिळत नाही आणि एकाच पायरीवरचे लोक आपापल्या रकमेच्या प्रमाणात वाटून घेतात. मालक कुणाला काय बोलला होता, याला तिथे किंमत नाही.

सगळ्यात आधी या प्रक्रियेचाच खर्च निघतो: व्यावसायिकांचं मानधन, मूल्यांकन, पहारेकरी, जाहिराती, वीजबिल. तो पन्नास लाख झाला. राहिले साडेनऊ कोटी. दुसऱ्या पायरीवर दोघं शेजारी बसतात: आपलं तारण लिक्विडेटरच्या हवाली केलेली बँक आणि कामगारांची मागच्या चोवीस महिन्यांची देणी. कामगारांना कायद्याने बँकेच्या बरोबरीला बसवलंय हे अनेकांना माहीत नसतं. शिवाय त्यांच्या भविष्य निर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटी फंडाची रक्कम या वाटपात धरतच नाहीत, ती बाहेरच राहते. बँकेचे सहा कोटी ऐंशी लाख आणि कामगारांचे सत्तर लाख, दोन्ही पूर्ण भागले आणि दोन कोटी उरले. बँकेला तारण स्वतः विकण्याचाही पर्याय असतो, पण त्यात कमी पडलेली रक्कम बरीच खालच्या पायरीवर जाते. त्यामुळे इथे बँकेने तो घेतला नाही.

तिसऱ्या पायरीवर कामगार नसलेले कर्मचारी, म्हणजे ऑफिसातले लोक, सुपरवायझर वगैरे. त्यांचे मागच्या बारा महिन्यांचे पगार धरतात. त्यात वीस लाख गेले, एक कोटी ऐंशी लाख राहिले.

चौथी पायरी विनातारण कर्ज देणाऱ्यांची. ठेवीदार इथे येतात आणि मामांची मूळ जागा हीच होती. या पायरीवर एकूण तीन कोटींचे दावे मंजूर झाले, म्हणून रुपयामागे साठ पैसे पडले. गुरुजींना पाच लाखांचे तीन लाख मिळाले. पैसे इथेच संपले. पाचवी पायरी मागच्या दोन वर्षांच्या सरकारी देण्यांची होती, तिथे शून्य. सहाव्यावर उरलेली सगळी देणी, आणि पिग आयर्न, कोळसा, सुटे भाग उधारीवर देणारे व्यापारी यातच मोडतात, त्यांनाही शून्य. (उधारीवर माल देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बिल कितीही पक्कं असलं तरी त्यांची जागा विनातारण ठेवीदाराच्या खाली आहे.) सातव्या पायरीवर प्रेफरन्स शेअरवाले, म्हणजे मामा. आणि अगदी तळाला, आठव्यावर, साधे इक्विटी भागधारक.

म्हणजे साहेब 'पहिला हक्क' म्हणाले ते अगदीच खोटं नव्हतं. हक्क होता, पण तो फक्त आठव्या पायरीच्या आधीचा होता. पंगतीत शेवटून दुसरं पान मांडून "तुमच्या मागे अजून एक जण आहे" असं सांगावं, त्यातला हा प्रकार.

आता खरी गोम बघा. संमतिपत्रावर कुणीच सही केली नसती, तर चौथ्या पायरीवर तीनऐवजी पाच कोटींचे दावे असते. एक कोटी ऐंशी लाख पाच कोटींत वाटले की रुपयामागे छत्तीस पैसे पडतात. मामांना तीन लाख साठ हजार मिळाले असते. फार नाहीत, पण शून्य तर नाहीत. मग दोन कोटींचे दावे बाजूला गेल्याचा फायदा झाला कुणाला? लिक्विडेटरने हितसंबंधितांची यादी लावली तेव्हा ते दिसलं. चौथ्या पायरीवरच्या तीन कोटींत दीड कोटी मालकांच्या पत्नीचं, कंपनीला दिलेलं विनातारण कर्ज होतं. त्या कर्जाचे शेअर करायला साहेब गेले नव्हते. छत्तीस पैशांनी मालकांच्या पत्नीला चोपन्न लाख मिळाले असते, साठ पैशांनी नव्वद लाख मिळाले. जवळच्या नातेवाइकाला कर्ज देणाऱ्यांच्या समितीत मत नसतं, पण वाटपातली जागा त्याने जात नाही. खरं तर गुरुजींच्या तीन लाखांतही थोडा वाटा मामांसारख्यांचाच आहे. हे कळल्यापासून ते मामांसमोर या विषयावर बोलायचं टाळतात, पण त्यांचा यात काही दोष नाही.

मामांनी आधी ठेवीदार म्हणूनच दावा लावला होता. पुरावा म्हणून जुन्या पावतीची झेरॉक्स आणि व्याज जमा झालेलं पासबुक जोडलं. दावा नामंजूर झाला. कारण साधं होतं: कंपनी निबंधकाकडे शेअरवाटपाचा PAS-3 फॉर्म भरलेला, भागधारकांच्या नोंदवहीत नाव आणि हातात शेअर प्रमाणपत्र. मी वकिलांना विचारलं, तीन वर्षांनी रक्कम परत द्यायचं लिहिलंय, ती मुदत उलटली म्हणजे ते कर्जच झालं ना? ते म्हणाले, नाही. कंपनी कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रेफरन्स शेअरची परतफेड फक्त नफ्यातून किंवा नवे शेअर काढून आलेल्या पैशातूनच करता येते. नफाच नसेल तर परतफेड देय होत नाही, आणि देय नाही तर थकबाकीही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असंच म्हटलं, की असे शेअर घेणारा मुदत टळली म्हणून कर्जदाता ठरत नाही. बारा टक्के लाभांशाचंही तेच, नफा असेल तरच. मामांना तो एकदाही मिळाला नाही.

दावा नाकारला गेला तर लिक्विडेटरच्या निर्णयाविरुद्ध चौदा दिवसांत एनसीएलटीत अपील करावं लागतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे हे दिवस "मालकांशी बोलून बघू" यातच गेले. मालक त्या दिवसांत फोन मात्र आवर्जून उचलत होते. पोलिसांकडेही गेलो. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, पण तिथेही पहिला प्रश्न हाच आला, ठेवीची पावती कुठे आहे? ती संमतिपत्रासोबत परत गेलेली.

कुणी तुमच्या ठेवीचं किंवा हातउसन्या रकमेचं शेअरमध्ये रूपांतर करायला सांगत असेल, तर सहीआधी mca.gov.in वर त्या कंपनीचं नाव घालून बघा. तिथे बोजांची नोंद दिसते: कोणत्या बँकेचं किती रकमेचं तारण आहे आणि ते शेवटचं कधी वाढवलं. तेवढी रक्कम तुमच्या वरच्या पायरीवर बसलेली आहे असं समजा. थोडी फी भरली की ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचा अहवालही उघडता येतो. मामांच्या कंपनीच्या २०२१ च्या अहवालात भविष्य निर्वाह निधी आणि जीएसटी वेळेवर भरलेला नसल्याचं लेखापरीक्षकाने स्पष्ट लिहिलं होतं. कर्जाच्या तपशिलात संचालकांच्या नातेवाइकांची रक्कम वेगळी दिलेली असते. ती दोन वर्षांची शेजारी ठेवून बघा. बाहेरच्यांच्या ठेवी शेअर होतायत आणि घरच्यांचं कर्ज मात्र कर्जच राहतंय, असं दिसलं तर सही करू नका. कारखान्यावर तुमचंही तारण ठेवतो असं कुणी म्हणालं, तर त्या बोजाची नोंद याच संकेतस्थळावर तुमच्या नावाने दिसली पाहिजे. नोंद न झालेला बोजा लिक्विडेटर मानत नाही, स्टँप पेपर नोटरी केलेला असला तरी. आणि मूळ पावती हातची सोडू नका.

आमच्यातल्या काही जणांनी मिळून लिक्विडेटरकडे लेखी मागणी केली, की हे रूपांतर लोकांना फसवण्याच्या हेतूने झालं का ते तपासा. त्यावर त्यांनी संहितेच्या कलम ६६ खाली मालकांविरुद्ध अर्ज केला आहे. तो अजून प्रलंबित आहे. त्यातून संचालकांकडून काही वसूल झालंच, तर ते कंपनीच्या खात्यात जमा होईल आणि पुन्हा त्याच क्रमाने वाटलं जाईल. चौथ्या पायरीचे एक कोटी वीस लाख अजून बाकी आहेत. त्यांच्यानंतर सरकार, मग व्यापारी आणि मग मामा.