काम सोडून गेलेला माणूस चार महिने आमच्या मस्टरवर हजर होता

रबाळे एमआयडीसीत आमचं खोक्यांचं छोटं युनिट आहे. पगाराचं काम बाहेरच्या माणसाकडे होतं. तो हजेरीच्या मशीनचे पंच आणि मंजूर रजा जुळवून मस्टर बनवायचा आणि पगाराची बँक फाइल पाठवायचा. त्याने २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबरात आम्हाला १,०५,००० रुपयांना बुडवलं. पीएफमधला मालकाचा हिस्सा गेला तो वेगळाच.

कळलं ते जानेवारीत. ५ सप्टेंबरला काम सोडून गेलेल्या हेल्परचा फोन आला, "साहेब, पीएफ काढायला गेलो तर एक्झिट डेट नाही म्हणतात. आणि पैसे तर अजून दर महिन्याला जमा होतायत." पायाखालची जमीन सरकली.

त्याचा ग्रॉस १८,०००, म्हणजे दिवसाला ६००. सप्टेंबरात तो २ ते ५ असे चार दिवस आला. १ तारखेचा रविवार धरून पाच दिवसांचे ३,००० देणं होते, गेले पूर्ण १८,०००. रविवार आणि गणेश चतुर्थी सोडली तर ६ तारखेपासून कामाचे २० दिवस उरत होते. त्यातल्या १२ दिवसांवर हाताने पंच टाकले होते आणि ८ दिवसांवर पीएल म्हणजे भरपगारी रजा लावली होती. पुढचे तीन महिने तेच. दिवाळीच्या आधी आणखी एकाने काम सोडलं, त्याच्या नावावर नोव्हेंबर-डिसेंबरचे ३६,००० उचलले. बँक फाइलमध्ये नावं त्यांचीच, खाते क्रमांक मात्र भलतेच. तेव्हा एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा व्हायची, नाव कोणी जुळवत नव्हतं.

ऑक्टोबरचं मस्टर माझ्या टेबलावर होतं, ते आठवलं की आजही संताप होतो. बाकीच्या ओळींत 08:51, 09:06, 18:13 अशा वेळा. ट्रान्स-हार्बरच्या लोकलने येणारी माणसं, रोज दोन-चार मिनिटं पुढेमागे होणारच. आणि त्या एका ओळीत 09:00, 18:00, 09:00, 18:00, महिनाभर. ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली आहे! पण आमच्याकडे हाताने टाकलेला पंच ही रोजची गोष्ट. पुठ्ठा हाताळून बोटांचे ठसे झिजतात, मशीन बोट घेत नाही, मग सुपरवायझर चिठ्ठी देतो. नाइट शिफ्टचा आउट दुसऱ्या तारखेला पडतो, तिथेही दुरुस्ती करावीच लागते. अशा पन्नास खऱ्या दुरुस्त्यांत त्याने आपल्या खोट्या बेमालूम मिसळल्या. ठरवून केलं होतं हे.

सॉफ्टवेअरचा रिपोर्ट म्हणजे पुरावा नव्हे, एवढं पक्कं धरा. सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला पंच मशीनच्या मेमरीत नसतो. मशीनला स्वतः पेनड्राइव्ह लावा, attlog.dat काढा आणि मस्टरशी जुळवा. आम्ही ते केलं तेव्हा त्या हेल्परचा ५ सप्टेंबरनंतर एकही पंच निघाला नाही. आणि मेमरी साफ करायचा अधिकार पगार करणाऱ्याकडे कधीच देऊ नका.

रजेतही तेच. अर्ज कोणत्या तारखेची रजा मागतो एवढंच बघू नका, तो सिस्टिममध्ये कधी टाकला ते बघा. त्या आठही पीएल ३० सप्टेंबरच्या रात्री एकाच बैठकीत टाकून माझ्या लॉगिनने मंजूर केलेल्या. लॉगिन त्याच्याकडे होतं, कारण त्याशिवाय काम अडतं असं त्यानेच सांगितलं होतं. जूनमध्ये लागलेला माणूस, वीस दिवस कामामागे एक रजा, म्हणजे जेमतेम चार जमणार. आठ आल्या कुठून? शिल्लक उणे गेली तरी सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी कोर्टात जा." नव्या भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला ३१६ आणि फसवणुकीला ३१८ कलम आहे, हे मी सांगायचं? बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा मग खातेदाराचं नाव सांगू. पोलीस म्हणतात, खातं कोणाचं ते आधी बँकेकडून आणा मग अर्ज घेऊ. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर तुमच्याच फाइलने तुम्हीच पाठवलेले पैसे आहेत म्हणाले. पीएफच्या कामासाठी तर खिडक्या बदलत फिरलो, शेवटी ऐकलं, "चलन तुमच्या सहीने भरलंय." कर भरायचा, पीएफ भरायचा, तारीख चुकली की दंडही भरायचा, आणि लुटलं गेलं की दारोदार कागद घेऊन आपणच हिंडायचं!

पगार काढण्याआधी शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरकडून त्या महिन्यात सोडून गेलेल्यांची नावं हाताने लिहून घ्या. ज्या दिवशी मशीनचा पंच नाही आणि आधी मागितलेली रजाही नाही, तो दिवस सुपरवायझरच्या सहीशिवाय हजर धरू नका. खाते क्रमांक बदललेल्या ओळी मागच्या महिन्याच्या फाइलशी ताडून बघा. त्या माणसाने ठाण्यातल्या दुसऱ्या एका युनिटचं काम घेतल्याचं कानावर आलंय. तुमच्या मस्टरवर सलग 09:00 दिसत असेल, तर या महिन्याची फाइल बँकेत जाण्याआधीच थांबवा.