सरासरी १० टक्के, आणि हातात चार हजार

कोणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये, माझं झालं ते झालं, पण तोच माणूस अजून भांडुप-मुलुंडकडे फिरतोय म्हणून लिहितोय. व्हीआरएसचे ५ लाख मी सोसायटीतल्याच एका ओळखीच्या माणसाकडे दिले होते, तो शेअर्समध्ये फिरवतो म्हणायचा. दरवर्षी व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज यायचा: पहिल्या वर्षी ६० टक्के फायदा, दुसऱ्या वर्षी ४० टक्के तोटा, तिसऱ्या वर्षी ५० फायदा, चौथ्या वर्षी ३० तोटा. खाली ठळक अक्षरात “सरासरी वार्षिक परतावा १० टक्के”. रक्कम कधीच नाही, फक्त टक्के. तेव्हाच खटकायला हवं होतं, पण बँकेपेक्षा बरं आहे म्हणून मी खुशीत.

चार वर्षांनी पैसे मागितले. १० टक्क्यांनी चक्रवाढ धरून मी ७ लाख ३२ हजारांची वाट बघत होतो, आले ५ लाख ४ हजार. सुरुवातीला “प्रोसेसिंग”चे १० हजार वेगळे घेतलेले, म्हणजे खिशातून गेलेच. भांडायला गेलो तर माझ्यासमोर कॅल्क्युलेटर काढला, ६० वजा ४० अधिक ५० वजा ३०, झाले ४०, भागिले ४, आले १०. “काका, गणित खोटं बोलतं का?” मी गप्प. गणित खरंच बरोबर होतं ना!

घरी भाचीला सांगितलं, तिने पेपरच्या कोपऱ्यावर नुसत्या रकमा लिहिल्या. ५ लाखांचे ६० टक्क्यांनी ८ लाख झाले. मग ४० टक्के तोटा, पण तो ५ लाखांवर नाही तर ८ वर, म्हणजे ३ लाख २० हजार गेले, उरले ४ लाख ८० हजार. (म्हणजे दुसऱ्याच वर्षी मी मुद्दलाच्या खाली होतो आणि मेसेजमध्ये सरासरी अधिक १० दिसत होती!) मग ७ लाख २० हजार, मग ५ लाख ४ हजार. फायदा छोट्या रकमेवर मिळतो आणि तोटा फुगलेल्या रकमेवर बसतो, म्हणून टक्क्यांची बेरीज करून भागायचं नसतं, गुणाकार करायचा असतो: १.६ गुणिले ०.६ गुणिले १.५ गुणिले ०.७ म्हणजे १.००८. चार वर्षं आहेत म्हणून त्याचं चौथं मूळ काढायचं, फोनवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबलं की झालं. आलं १.००२. म्हणजे वर्षाला ०.२ टक्के! याला भूमितीय मध्य म्हणतात, म्युच्युअल फंडाच्या कागदावर सीएजीआर असतो तो हाच. साध्या एफडीत ७ टक्के जरी धरले तरी चार वर्षांत साडेसहा लाखांच्या वर गेले असते.

मी विचारलं, मग त्याचे १० टक्के पूर्ण खोटे का? तर म्हणाली नाही मामा, दरवर्षी नफा काढून घेतला असतास आणि तोटा झाला की खिशातून भरून परत ५ लाखच लावले असतेस, तर ३ लाख आले, २ गेले, अडीच आले, दीड गेले, म्हणजे २ लाख फायदा, वर्षाला बरोबर १० टक्के. पण तुझे पैसे तर आतच पडून होते. वर चढउतार जेवढे मोठे तेवढा या दोन सरासऱ्यांतला फरक मोठा. दरवर्षी निवांत १० टक्केच मिळाले असते तर दोन्ही सारख्याच आल्या असत्या.

तरी माझ्या डोक्यात नीट बसेना, मग तिने गाडीचं उदाहरण दिलं. ठाण्याहून दादरला सकाळी ताशी २०ने येतोस, रात्री रिकाम्या रस्त्यावर ताशी ६०ने परत जातोस, सरासरी वेग किती? मी पटकन ४० म्हटलं. धर अंतर २४ किलोमीटर, येताना ७२ मिनिटं, जाताना २४, म्हणजे ४८ किलोमीटरला ९६ मिनिटं, ताशी ३०. ट्रॅफिकमध्ये आपण जास्त वेळ अडकतो म्हणून त्या २०चं वजन जास्त पडतं. हा हरात्मक मध्य: दोनाला १/२० अधिक १/६०ने भागायचं. एक तास २०ने आणि एक तास ६०ने चालवली असती तर मात्र ४०च बरोबर. इथे अंतर सारखं आहे, वेळ नाही. एवढं झालं तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

त्या माणसाकडे सेबीची नोंदणी आहे का हे मी कधी विचारलंच नाही, ती चूक माझीच. गेल्या महिन्यात आमच्या जुन्या ग्रुपवर त्याचा मेसेज परत आला, तेच चार आकडे, तीच ठळक सरासरी. मी खाली एवढंच लिहिलं, “५ लाखांचे किती झाले तेपण टाका.” दहा मिनिटांत मेसेज डिलीट.