कुलमुखत्यारपत्र की मृत्युपत्र : मालकाच्या पश्चात कोणता कागद चालतो?

कोथरूडमधील स्वकष्टार्जित सदनिकेचा मालक, ऐंशीच्या घरातील विधुर हिंदू गृहस्थ, एकुलती मुलगी परदेशात आणि देखभाल करणारा पुतण्या जवळ, असे उदाहरण घेऊ. पुतण्याच्या नावे विक्रीच्या अधिकारासह नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र केले की पुढची सोय झाली, असे पुष्कळ घरांत समजले जाते, आणि हा समज फार महागात पडतो.

कुलमुखत्याराला स्वतःचा अधिकार काहीच नसतो. तो मालकाच्या वतीने सही करतो, आणि ज्याच्या वतीने सही करायची तोच हयात नसला की सहीमागचा अधिकारही उरत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार मालकाच्या मृत्यूने, इतकेच नव्हे तर त्याला वेड लागल्यानेही, हे प्रतिनिधित्व संपते. वारसाहक्क मृत्यूच्या क्षणी उघडतो, म्हणून सदनिका त्याच क्षणी मुलीकडे जाते आणि पुतण्याने नंतर केलेले खरेदीखत तिच्या मालमत्तेचे, पण तिच्या संमतीशिवाय केलेले ठरते.

मृत्युपत्राचे नेमके उलटे आहे. मालक हयात असेपर्यंत ते कोणालाही काही देत नाही, हवे तेव्हा बदलता येते आणि मृत्यूनंतरच अंमलात येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक असते. सदनिका पुतण्याला द्यायची इच्छा असेल, तर ती केवळ कुलमुखत्यारपत्राने पूर्ण होणार नाही, कारण मृत्युपत्र नसल्यास मुलीच्या हयातीत वारस म्हणून पुतण्याचा क्रम लागतच नाही.

समजा मालकाने साठेखत नोंदवले, इसार घेतला आणि खरेदीखताआधीच त्यांचे निधन झाले. व्यवहार बुडत नाही, कारण साठेखताचे बंधन वारसांवर येते. मात्र खरेदीखतावर सही मुलीची, किंवा मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला असल्यास त्याची लागते. पुतण्याने जुन्या कागदावर सही करायचे ठरवले, तर दुय्यम निबंधकांपुढे त्याला घोषणापत्र द्यावे लागते की कुलमुखत्यारपत्र लिहून देणारा मयत झालेला नाही. हे कथन खोटे निघाल्यास नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

‘अपरिवर्तनीय’ किंवा ‘माझ्या पश्चातही चालू राहील’ हे शब्द घातल्याने काम भागत नाही. करार अधिनियमाच्या कलम 202 चा अपवाद आहे, पण त्यासाठी त्या मालमत्तेत कुलमुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असावा लागतो, उदाहरणार्थ मालमत्ता विकून आपले कर्ज वसूल करून घेण्याचा अधिकार. केवळ नाते किंवा केलेली सेवा हा असा हितसंबंध नव्हे.

माझ्या मते अशा मालकाने दोन्ही कागद करावेत: हयातीतील कामांसाठी मर्यादित अधिकारांचे कुलमुखत्यारपत्र आणि पश्चात व्यवस्थेसाठी, व्यवस्थापकाचे नाव घातलेले मृत्युपत्र. खरेदीदाराने मात्र दस्ताच्या दिवशी मालकाशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय कुलमुखत्याराची सही स्वीकारू नये.