‘वायरलेस’ नंबर पॅड घेताय? आधी हे वाचा

लॅपटॉपला जोडायचा नंबर पॅड ब्लूटूथचा म्हणून मागवला आणि हातात पडला डोंगलचा. विक्रेत्याने वर्णनात ‘वायरलेस, ब्लूटूथ’ असं स्पष्ट लिहिलं होतं. खोक्यावर मात्र नुसतं ‘२.४ जी’ आणि आत नखाएवढा यूएसबी रिसीव्हर. तक्रार केली तर उत्तर आलं, “ब्लूटूथपण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, एकच आहे ते.”

हे अर्धसत्य आहे आणि ते ऐकून बरेच जण गप्प बसत असतील. फ्रिक्वेन्सी तीच, हे खरं. पण ब्लूटूथचा पॅड लॅपटॉपमधल्या ब्लूटूथशी थेट जोडला जातो आणि ‘२.४ जी’चा पॅड फक्त त्याच्या डोंगलवर चालतो. डोंगल हरवलं तर पॅड सहसा निकामीच, शिवाय एक पोर्ट कायमचा अडकतो. माझ्या लॅपटॉपला पोर्टच दोन. एकात डिजिटल सहीचं टोकन, दुसऱ्यात बॅकअपची हार्ड डिस्क. ब्लूटूथ हवं होतं ते एवढ्यासाठीच.

पैसे परत मिळेनात, म्हणून यूएसबी ३ चा हब घेतला आणि डिस्कच्या केबलला लागून डोंगल लावलं. महिनाअखेरीला बँक स्टेटमेंट जुळवताना फरक आला ४१,००० चा. एकेक व्हाउचर तपासत गेल्यावर सापडलं: ४५,७५० ऐवजी ४,७५० पडले होते. पहिला ५ आलाच नव्हता. गळालेला अंक फार वाईट, कारण उरलेली रक्कमही खरीच वाटते आणि नजर तिच्यावरून सहज पुढे जाते.

कारण असं, की यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात आणि शेजारच्या डोंगलला पॅडचा सिग्नल नीट पोचत नाही. खात्रीसाठी नोटपॅड उघडून रोजच्या वेगाने 1234567890 ओळीमागून ओळ टाइप केलं. डिस्कवर कॉपी सुरू असताना काही ओळी आखूड आल्या. डिस्क काढल्यावर सगळ्या सारख्या. डोंगल एक्स्टेन्शन केबलने लांब नेलं तरी फरक पडतो. ब्लूटूथलाही हा त्रास होऊ शकतो, त्यामुळे हिशेबाच्या कामाला मी आता वायरचाच पॅड वापरते.

तरीही ब्लूटूथचाच हवा असेल, तर पॅड आल्या आल्या डोंगल न लावता तपासा. विंडोजच्या सेटिंगमध्ये Bluetooth & devices मध्ये जाऊन Add device उघडा आणि पॅडचं पेअरिंगचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. यादीत पॅडचं नाव यायला हवं. माझ्या पॅडला तसं बटणच नव्हतं. त्या रिकाम्या यादीचा आणि विक्रेत्याच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट परतीची मुदत संपायच्या आत काढून ठेवा. आणि मागवण्याआधी एवढंच लेखी विचारा: “डोंगल न लावता चालतो का?”